व्याज कुठल्या तारखेपासून? थकीत बिलांच्या मागणी नोटिशीचा अनुभव

वाळूज एमआयडीसीतलं छोटं मशीनशॉप आणि जालन्यातली एक रोलिंग मिल. मिलला गाइड रोलर आणि कपलिंग पुरवले, तीन बिलं थकली, सहा महिने "पुढच्या आठवड्यात बघू" ऐकलं, आणि शेवटी मागणी नोटीस पाठवली. त्या नोटिशीचं काम कसं झालं ते इथे मांडतो आहे. आकडे त्याच हिशेबातले आहेत, मिलचं नाव घेत नाही.

नोटीस म्हटलं की आधी भाषेचा विचार होतो. कडक लिहावं की नरम, वकिलाच्या लेटरहेडवर पाठवावी की आपल्या, असे प्रश्न पडतात. प्रत्यक्षात भाषेवर फारसं काही अडत नाही. अडतं ते तारखांवर. माल गेटमध्ये कधी पोहोचला, तक्रार कधी आली, पैसे कधी यायला हवे होते, व्याज कधीपासून लागलं, या चार तारखा कागदासह सांगता आल्या की नोटीस दोन पानांत होते. त्या सांगता येत नसतील तर दहा पानांची नोटीसही पोकळ असते.

म्हणून पहिले दोन दिवस लिहिण्यात नाही, फाइल लावण्यात गेले. प्रत्येक बिलामागे मिलच्या खरेदी आदेशाची, म्हणजे पीओची प्रत, टॅक्स इन्व्हॉइस, ई-वे बिल आणि मिलच्या गेटवर शिक्का मारलेलं चलन, असे चार कागद. ई-वे बिलावरून गाडी निघाल्याचं कळतं, माल पोहोचल्याचं नाही. पोहोचल्याचा पुरावा म्हणजे सिक्युरिटीचा आवक शिक्का, तारीख आणि सही. टेम्पोवाला घाईत चलनाची प्रत शिक्क्याशिवाय परत आणतो आणि ती तशीच फाइलला लागते, ही नेहमीची चूक. आमच्याही एका चलनावर शिक्का नव्हता. मिलच्या स्टोअरने मालाच्या आवक नोंदीचा नंबर ईमेलने कळवला होता, तो ईमेल छापून लावला आणि काम भागलं.

हिशेब असा होता. पहिलं बिल 3 एप्रिल 2024 चं, 2,36,000 रुपयांचं, माल पोहोचला 5 एप्रिलला. दुसरं 9 मेचं, 1,77,000 चं, माल 10 मेला. तिसरं 13 जूनचं, 1,18,000 चं, माल 14 जूनला. सगळ्यांत 18 टक्के जीएसटी धरलेला. एकूण 5,31,000. त्यापैकी 20 ऑगस्टला 1,00,000 रुपये एनईएफटीने आले, पण कुठल्या बिलापोटी ते कुठेही लिहिलेलं नव्हतं. म्हणजे मुद्दल म्हणून सरळ वजाबाकीने 4,31,000 बाकी.

आता पीओतल्या अटी. पीओत लिहिलं होतं की माल मिळाल्यापासून 60 दिवसांत पैसे, आणि उशीर झाल्यास वर्षाला 18 टक्के व्याज. आमच्या बिलाच्या तळाला मात्र 24 टक्के छापलेलं. ही 24 टक्क्यांची ओळ जवळजवळ प्रत्येकाच्या बिलावर असते आणि तिच्यावर भिस्त ठेवून नोटीस लिहिली जाते. बिल आपण एकट्याने छापतो, त्यावर समोरच्याने होकार दिलेला नसतो. पीओत, कोटेशनच्या स्वीकृतीत किंवा दोघांच्या सहीच्या करारात जो दर आहे त्यालाच कराराचा दर म्हणता येतं. त्यामुळे 24 टक्के आम्ही नोटिशीत आणलेच नाहीत. एकदा फुगवलेला दर लिहिला की समोरचा वकील त्याच ओळीवर बोट ठेवतो आणि बाकीचा खरा हिशेबही संशयात जातो.

कराराच्या वर एक कायदा आहे. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाने माल वा सेवा दिली असेल, तर 2006 च्या एमएसएमईडी कायद्याचं कलम 15 म्हणतं की ठरलेली मुदत कितीही असली तरी ती माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. लेखी मुदत ठरलेलीच नसेल तर हिशेब 15 दिवसांचा. कलम 16 प्रमाणे उशिराचं व्याज रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, आणि तेही दर महिन्याला चक्रवाढ. करारात काहीही लिहिलेलं असलं तरी हे लागू. मध्यम उद्योगाला मात्र या कलमांचा आधार नाही. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यालाही उद्यम प्रमाणपत्र मिळतं, पण ते प्राधान्य क्षेत्राच्या कर्जापुरतं. त्या जोरावर व्याज मागता येत नाही. प्रमाणपत्राची तारीख पीओच्या आधीची आहे ना, हेही बघून घ्यावं. थकबाकी झाल्यावर धावपळीने काढलेली नोंदणी आधीच्या पुरवठ्याला लावायला गेलं की वाद ओढवतो.

इथे रेपो रेट आणि बँक रेट यांची गल्लत फार होते. बातम्यांत येतो तो रेपो. 2024 मध्ये तो 6.50 होता, बँक रेट 6.75. त्याची तिप्पट 20.25 टक्के वर्षाला, म्हणजे महिन्याला 1.6875. आमचा सगळा काळ 2024 मधला असल्याने एकच दर पुरला. फेब्रुवारी 2025 पासून बँक रेट खाली येत गेला आहे. त्या नंतरच्या बिलांना दर तारखेनुसार बदलून लावावा लागतो.

स्वीकारल्याची तारीख कोणती, हा पुढचा प्रश्न. माल पोहोचल्यापासून 15 दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर पोहोचल्याचा दिवस हाच स्वीकारल्याचा दिवस. आमच्या तिसऱ्या बिलावर मिलने 17 जुलैला 9,440 रुपयांची डेबिट नोट ईमेल केली होती, दोन रोलरची हार्डनेस कमी आहे म्हणून. माल आला 14 जूनला, म्हणजे लेखी हरकतीची मुदत 29 जूनला संपली. ही डेबिट नोट नोटिशीत गाळायचा मोह होतो. गाळू नये. आपण गप्प बसलो तर उत्तरात "वाद आधीपासूनच आहे" असं येतं. आपणच आधी तिचा उल्लेख करून तारखेसह नाकारली की तो मुद्दा समोरच्याच्या हातून जातो. रोलर खरोखर खराब निघाले असते तर मात्र मी 9,440 वजा करूनच मागणी केली असती. खऱ्या रिजेक्शनवर तारखेचा आडोसा घेतला तर पुढची ऑर्डर जाते. इथे आमच्याकडे हीट ट्रीटमेंटचा रिपोर्ट होता, म्हणून नाकारली.

45 दिवस मोजले की देय तारखा निघतात. पहिल्या बिलाची 20 मे, दुसऱ्याची 24 जून, तिसऱ्याची 29 जुलै. व्याज त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. हिशेब 20 नोव्हेंबर 2024 पर्यंत केला.

पहिल्या बिलाचा हिशेब सविस्तर देतो, कारण त्यात मधली भरणा रक्कम आहे. 21 मे ते 20 ऑगस्ट हे पूर्ण तीन महिने. 2,36,000 ला 1.016875 ने तीनदा गुणलं की 2,48,150 होतात, म्हणजे व्याज 12,150. आता आलेले 1,00,000 कुठे लावायचे? कराराच्या कायद्यातली कलमं 59 ते 61 याबद्दल आहेत: देणाऱ्याने बिल सांगितलं असेल तर त्या बिलाला, नसेल सांगितलं तर घेणाऱ्याला निवड. बिलात व्याज आणि मुद्दल दोन्ही बाकी असतील तर रक्कम आधी व्याजात जाते. मिलने काही सांगितलं नव्हतं म्हणून सर्वांत जुन्या बिलाला लावली. उरले 1,48,150. पुढचे तीन महिने, 20 नोव्हेंबरपर्यंत, पुन्हा तसंच, 1,55,778.

दुसऱ्या बिलाला 24 ऑक्टोबरपर्यंत चार पूर्ण महिने आणि वरचे 27 दिवस. पूर्ण महिने चक्रवाढ, वरचे दिवस सरळ दराने 365 ने भागून. आकडा 1,92,088. तिसऱ्याला तीन महिने आणि 22 दिवस, 1,25,590. तिन्ही मिळून, पैशांसह बेरीज करून शेवटी पूर्णांकात धरून, 4,73,455 रुपये. त्यात व्याज 42,455. इथून पुढे रोज सुमारे 263 रुपये वाढणार.

एक्सेलमध्ये हे करताना एक सूत्र पुरतं. बी2 मध्ये मुद्दल, सी2 मध्ये वार्षिक दर, डी2 मध्ये पूर्ण महिने, ई2 मध्ये उरलेले दिवस:

```
=B2*(1+C2/12)^D2*(1+C2*E2/365)
```

मधे भरणा आला असेल तर त्या तारखेला हिशेब तोडून नवी ओळ सुरू करायची. एकाच ओळीत शेवटी वजाबाकी केली की व्याज जादा निघतं, आणि हा घोळ समोरच्या सीएला पहिल्या पाच मिनिटांत सापडतो.

कराराच्या हिशेबानेही आकडा काढून ठेवला होता. 60 दिवसांनंतर 18 टक्के सरळ व्याज धरलं तर सुमारे 33,000 होतं. म्हणजे दोन हिशेबांतला फरक साडेनऊ हजारांच्या आतला. एवढ्याशा फरकासाठी कायद्याचा दर का लावायचा? कारण त्या दराबरोबर याच कायद्याखाली थकीत देण्यांचा निवाडा करणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलचा रस्ता येतो, आणि कौन्सिलने निवाडा दिल्यावर खरेदीदाराला तो कोर्टात आव्हान द्यायचा असेल तर कलम 19 खाली आधी 75 टक्के रक्कम भरावी लागते. जालन्यातल्या मिलच्या अकाउंट्सवाल्याला 20.25 टक्क्यांपेक्षा हे 75 टक्के जास्त टोचतात. नोटिशीत आम्ही दोन्ही लिहिले: मुख्य मागणी कायद्याप्रमाणे, आणि तो हक्क न बाधता पर्यायी मागणी पीओच्या अटीप्रमाणे.

आता पत्ता. ज्याच्या नावाने बिल आहे तोच देणेकरी. गेटवरच्या बोर्डावरचं नाव, पीओवरचं नाव आणि जीएसटी नोंदणीतलं कायदेशीर नाव ही तीन वेगळी निघू शकतात. जीएसटी पोर्टलवर जीएसटीआयएन टाकून कायदेशीर नाव बघावं. कंपनी असेल तर नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या, म्हणजे एमसीएच्या साइटवरून घ्यावा. आमच्या बाबतीत कारखाना जालन्यात आणि नोंदणीकृत कार्यालय मुंबईत होतं. नोटीस दोन्हीकडे पाठवली. प्रोप्रायटरी फर्म असेल तर मालकाच्या नावाने, भागीदारी असेल तर फर्म आणि भागीदार दोघांच्या नावाने.

मजकुराचा गाभा एवढाच होता:

"आपल्या खरेदी आदेशानुसार आम्ही खालील तक्त्यातील माल पुरवला. माल आपल्या कारखान्यात पोहोचल्याच्या तारखा व आवक नोंदी तक्त्यात दिल्या आहेत. एमएसएमईडी कायदा 2006 च्या कलम 15 प्रमाणे देयके 45 दिवसांत अदा होणे बंधनकारक होते. कलम 16 प्रमाणे 20 नोव्हेंबर 2024 अखेर व्याजासह रु. 4,73,455 येणे आहेत. त्यानंतर प्रत्यक्ष भरणा होईपर्यंत पुढील व्याज लागू राहील.

आपली दिनांक 17 जुलै 2024 ची डेबिट नोट माल मिळाल्यापासून 33 दिवसांनी आली असून ती आम्हाला मान्य नाही. हीट ट्रीटमेंटचा अहवाल सोबत जोडला आहे.

वरील रक्कम 10 डिसेंबर 2024 रोजी सायंकाळी 5 वाजेपर्यंत खालील बँक खात्यात जमा करावी. तसे न झाल्यास आणखी सूचना न देता कलम 18 खाली फॅसिलिटेशन कौन्सिलकडे अर्ज दाखल करण्यात येईल."

मुदतीबद्दल थोडं थांबतो. "नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत" असं लिहिलं की आधी ती मिळाली कधी यावर घोळ सुरू होतो. कॅलेंडरची तारीख लिहावी, कामकाजाचा दिवस असावा आणि टपालाचे चार-पाच दिवस आधीच धरलेले असावेत. 21 नोव्हेंबरला पाठवलेल्या नोटिशीला 10 डिसेंबर, मंगळवार, ही तारीख पुरेशी होती. आणि ती उगाच निवडलेली नव्हती. जीएसटी कायद्यात बिलाच्या तारखेपासून 180 दिवसांत पुरवठादाराला पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला घेतलेलं इनपुट क्रेडिट व्याजासह उलटवावं लागतं. पहिल्या बिलाचे 180 दिवस 30 सप्टेंबरला संपले होते, दुसऱ्याचे 5 नोव्हेंबरला, तिसऱ्याचे नेमके 10 डिसेंबरला. नोटिशीत ही ओळ धमकीच्या सुरात नाही, नुसती माहिती म्हणून टाकली. फोन मालकाचा नाही, त्यांच्या सीएचा आला.

ही ओळ टाकण्याआधी आपली तिन्ही बिलं आपल्या जीएसटीआर-1 या विक्रीच्या रिटर्नमध्ये गेली आहेत का, हे बघावंच. नाही तर "तुमचं बिल आमच्या क्रेडिटच्या टू-बी यादीत दिसतच नाही" हे उत्तर ठरलेलं. आयकराचं 43बी(एच) हेही असंच बोट ठेवण्यासारखं: मुदतीबाहेर थकवलेली सूक्ष्म वा लघु उद्योगाची रक्कम 31 मार्चपर्यंत दिली नाही, तर त्या वर्षी तो खर्च वजावटीला मिळत नाही. नोव्हेंबरमध्ये त्याचा जोर कमी असतो, फेब्रुवारीत जास्त.

न लिहायच्या गोष्टी थोडक्यात. मानसिक त्रासाचे दोन लाख लिहू नयेत. पोलिसांत जाऊ असं लिहू नये, हा दिवाणी येण्याचा मामला आहे. चेक परत आला असेल तर त्याची कलम 138 ची नोटीस स्वतंत्र पाठवावी. चेक परतल्याचं बँकेने कळवल्यापासून 30 दिवसांत, आणि त्यात भरण्याची मुदत 15 दिवसांची. दोन्ही एका कागदात मिसळल्या की चेकची मागणी किती आणि थकबाकीची किती हे धूसर होतं. दिवाळखोरी कायद्याची भीती घालण्यातही अर्थ नाही, तिथे किमान थकबाकी एक कोटीची लागते आणि हे मिलवाल्यांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. सवलतीचा प्रस्तावही या कागदात नको. "व्याज सोडतो, मुद्दल द्या" हे नोटिशीतच लिहिलं की व्याजाची मागणी तिथेच संपली.

पाठवताना रजिस्टर पोस्ट पोचपावतीसह, आणि त्याच दिवशी पीओवर दिलेल्या ईमेलवर स्कॅन प्रत. (2025 मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं, तेव्हा आता स्पीड पोस्टाने.) ट्रॅकिंगचं पान पोहोचल्याच्या दिवशीच छापून ठेवावं, काही महिन्यांनी ते साइटवर सापडत नाही. लखोटा "घेण्यास नकार" म्हणून परत आला तर फोडू नये. पत्ता बरोबर असेल आणि टपालखर्च भरलेला असेल, तर तो बंद लखोटाच बजावणीचा पुरावा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला हरकत नाही, पण तेवढ्यावर विसंबू नये.

एक गैरसमज मात्र महागात पडतो. नोटीस पाठवली म्हणजे दाव्याची मुदत वाढली, असं अनेक कारखानदार धरून चालतात. तसं नाही. उधारीची मुदत ठरलेली असेल तर ती संपल्यापासून दाव्याला तीन वर्षं मिळतात आणि आपली नोटीस त्यात एका दिवसाचीही भर घालत नाही. भर पडते ती देणेकऱ्याने मुदतीच्या आत लेखी, सहीनिशी देणं मान्य केलं किंवा काही रक्कम भरून तशी लेखी नोंद ठेवली तर. म्हणून नोटिशीच्या आधी खातेउतारा पाठवून "31 ऑक्टोबरअखेर बाकी बरोबर आहे का" असं विचारलं होतं. मिलच्या अकाउंट्सने "बाकी बरोबर, पेमेंट प्रोसेसमध्ये" असं उत्तर दिलं. तेच उत्तर नोटिशीला जोडलं. नोटीस गेल्यावर असं उत्तर कोणी लिहून देत नाही.

6 डिसेंबरला 4,31,000 रुपये जमा झाले, सोबत ईमेल: "पूर्ण व अंतिम भरणा, पोच द्यावी." इथे पटकन "धन्यवाद, मिळाले" लिहिलं की व्याज गेलं. उत्तरात रक्कम मिळाल्याचं लिहिलं, ती खात्यावर जमा धरली असून 6 डिसेंबरपर्यंतच्या व्याजाची बाकी सोबतच्या तक्त्याप्रमाणे उभी आहे असं लिहिलं, आणि मूळची 10 डिसेंबरची मुदत कायम ठेवली. भरणा आधी व्याजात धरल्यामुळे ही बाकी हिशेबात मुद्दल म्हणूनच उरते, हे तक्त्यात दाखवून ठेवावं लागतं.

10 तारीख गेली आणि व्याजाबद्दल काहीच आलं नाही. 11 डिसेंबरला समाधान पोर्टलवर कौन्सिलकडचा अर्ज भरायला घेतला. कौन्सिल पुरवठादाराच्या ठिकाणचं असतं, त्यामुळे मिल जालन्यात आणि कार्यालय मुंबईत असलं तरी अर्ज छत्रपती संभाजीनगरलाच. उद्यम प्रमाणपत्र, पीओ, तिन्ही बिलं, चलनं, नोटीस, पोचपावती आणि व्याजाचा तक्ता हे सगळं पीडीएफमध्ये आधीच होतं, म्हणून भरायला दीड तास लागला. नोंदणीकृत ईमेलवर सूचना गेल्यावर मिलकडून सीएचा पुन्हा फोन आला. व्याज 30,000 वर मिटवू म्हणाले. 30,000 पीओच्या दराच्या आकड्याजवळचे होते, त्यामुळे मान्य केले, पण आधी दोघांच्या सहीचं तडजोडपत्र, मग पैसे, मग अर्ज मागे, या क्रमाने. उशिराचं व्याज हे जीएसटीत मालाच्या किमतीचाच भाग धरलं जातं. म्हणून तडजोडपत्रात 30,000 अधिक 18 टक्के जीएसटी असं स्पष्ट लिहून घेतलं, आणि पैसे आले त्या महिन्यात 35,400 ची डेबिट नोट काढून ती रिटर्नमध्ये दाखवली.